वंशाची टक्केवारी आणि ह्यूस्टनचे गुजराती: संदर्भ संचांची पार्श्वभूमी

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत लाळेची नळी पाठवून वंशाचा अहवाल मागवणं आता नवलाचं राहिलेलं नाही. पहिल्या अहवालात बहुतेकांना ‘दक्षिण आशियाई’ एवढाच एक मोठा आकडा दिसतो. दोन-तीन वर्षांनी तेच खातं पुन्हा उघडलं, तर त्या आकड्याचे तीन-चार तुकडे झालेले असतात: थोडं उत्तर भारत व पाकिस्तान, थोडं दक्षिण भारत व श्रीलंका, मध्येच एखादा अनपेक्षित गुजराती तुकडा. लाळ तीच असते आणि प्रयोगशाळेतलं वाचनही तेच. बदललेला असतो तो कंपनीने तुलनेसाठी ठेवलेला माणसांचा साठा, म्हणजेच संदर्भ संच. भारतापुरता हा साठा ज्या वाटेने जमला, तिचा ठसा आजच्या आकड्यांवर आहे.

अशी तुलना करायची कल्पना जुनी आहे. पहिल्या महायुद्धात थेस्सलोनिकीच्या आघाडीवर एका पोलिश डॉक्टर दांपत्याने निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्तगट तपासले. त्यात भारतीय सैनिकही होते. भारतीयांत ‘बी’ गट जास्त दिसला, तेव्हा ‘ए’चं मूळ उत्तर युरोपात आणि ‘बी’चं भारतात असावं, असा तर्क त्यांनी 1919 मध्ये मांडला. तो टिकला नाही. पण जे सापडेल त्यांचे नमुने घ्यायचे आणि त्यांनाच ‘मूळ’ धरायचं, ही सवय टिकली.

आजची गणिती पद्धत 2000 साली आलेल्या ‘स्ट्रक्चर’ या प्रणालीपासून सुरू होते. 2009 मध्ये आलेल्या ‘अ‍ॅडमिक्स्चर’ने तेच काम लाखो खुणांवर, म्हणजे डीएनएतलं अक्षर माणसामाणसांत वेगळं असतं अशा जागांवर, कितीतरी वेगाने करून दाखवलं. दोन्हींत एक संख्या आधी माणसाने ठरवायची असते: K, म्हणजे एकूण घटक किती धरायचे. मग प्रणाली प्रत्येक घटकातली खुणांची वारंवारता आणि प्रत्येक माणसातला त्या घटकांचा वाटा, असं दोन्ही एकदम जुळवते. कंपन्या हेच काम उलट्या टोकाने करतात. घटक आधीच नावानिशी ठरवलेले असतात आणि तुमचा नमुना त्यांच्यात वाटला जातो.

हे वाटप कसं होतं, ते समजण्यापुरतं एक खूण घेऊन पाहू. पुढचे आकडे निव्वळ उदाहरणादाखल आहेत. एका जागचं एक अक्षर लाहोरच्या पंजाबी संचात 80 टक्के वेळा आणि श्रीलंकेच्या तमिळ संचात 40 टक्के वेळा आढळतं. सातारा-सांगलीकडच्या एखाद्या समाजात ते 60 टक्के वेळा आढळतं, पण त्या समाजाचा एकही नमुना संचात नाही. मग गणित सांगतं की अर्धे पंजाबी आणि अर्धे तमिळ मिसळले की बरोबर 60 येतात. हाच कल लाखो खुणांवर दिसला, तर साताऱ्याच्या माणसाला अहवाल मिळतो: 50 टक्के उत्तरेकडचा, 50 टक्के दक्षिणेकडचा. त्याचे पणजोबा लाहोरहून आले होते, असा याचा अर्थ मुळीच नाही. उद्या साताऱ्याचेच शंभर नमुने संचात घातले, की तोच माणूस त्या नव्या कप्प्यात 100 टक्के बसतो. दोन्ही उत्तरं गणिताने बरोबर आहेत, कारण प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता: समोर ठेवलेल्या संचांपैकी कुणाशी किती जुळतं?

म्हणून संचात कोण होतं, हे आधी पाहावं लागतं. 2002 मध्ये पॅरिसला ठेवलेल्या एका मोठ्या जागतिक संचावर बहुचर्चित अभ्यास झाला: 52 समाज, 1056 माणसं. दक्षिण आशियातले त्यातले सगळे नमुने पाकिस्तानातले होते: बलुची, ब्राहुई, मकरानी, सिंधी, पठाण, हजारा, बुरुशो आणि कलाश. भारतातून एकही नाही. शरीरातले नमुने देशाबाहेर पाठवण्यावर भारताचे निर्बंध होते. त्या अभ्यासात K पाच धरल्यावर साधारण खंडांप्रमाणे गट पडले आणि सहा धरल्यावर सहावा घटक निघाला तो चित्रालच्या खोऱ्यातल्या मूठभर कलाश लोकांचा. तो समाज लहान, आपसांत लग्न करणारा, म्हणून त्याच्या वारंवारता इतरांपासून दूर सरकलेल्या. म्हणजे समाज अलग राहिल्यानेही स्वतंत्र घटक तयार होतो, त्यासाठी वंश प्राचीन असावा लागत नाही. 2018 मध्ये एका निबंधाने हे स्पष्ट मांडलं: अलीकडचं मिश्रण, नमुना न मिळालेल्या समाजाशी झालेलं मिश्रण आणि लोकसंख्या आकसणं, या तीन अगदी वेगळ्या इतिहासांतून या प्रणालींच्या निकालाचं रंगीत पट्ट्यांचं चित्र जवळपास सारखंच निघू शकतं.

भारतीय नमुन्यांची अडचण अशी सुटली की ते भारताबाहेर घ्यायचे. 2006 मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या 432 भारतीयांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे 15 गट बहुतांशी भाषेवरून पाडले होते आणि त्यांत मराठी व कोकणी असे दोन वेगळे गट होते. पण त्यात खुणा होत्या 1200. पुढच्या काळात डीएनए तपासणाऱ्या चिपांवर लाखो खुणा आल्या आणि तो संच मागे पडला. त्याच्याऐवजी जगभर रूढ झाला तो माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांची नोंद करणाऱ्या ‘हॅपमॅप’ प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यातला GIH: टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरातले गुजराती.

हा निर्णय मला सगळ्यांत कळीचा वाटतो. नमुने देणाऱ्याने स्वतःला गुजराती म्हणावं आणि चारपैकी किमान तीन आजी-आजोबा गुजराती असावेत, एवढी अट होती. नमुन्यावरच्या चिठ्ठीत जातीचा पत्ता नाही. ‘ह्यूस्टन, टेक्सास येथील गुजराती भारतीय’ असं पूर्ण नाव वापरा, यांना सरसकट ‘भारतीय’ समजू नका, अशी सूचना प्रकल्पाने दिली होती. ती फार थोड्यांनी पाळली. फुकट, सहज आणि दर्जेदार मिळणारा भारतीय नमुना म्हणून कित्येक तक्त्यांत GIH पुढे नुसतं ‘भारत’ लिहिलं गेलं.

नमुने आलेखावर मांडले तेव्हा खोट दिसली. ठिपक्यांचा एक घट्ट गुच्छ होता आणि बाकीचे ऐसपैस विखुरलेले. घट्ट गुच्छ म्हणजे आपसांत पुष्कळ नातं असलेली माणसं. ज्यांची जात ठाऊक आहे असे नमुने शेजारी ठेवून पाहिल्यावर हा गुच्छ मुख्यतः पाटीदारांचा आहे, असं हौशी अभ्यासकांनी ताडलं. 2014 मध्ये आलेल्या एका संशोधन संचात तर याच ह्यूस्टनकरांचे GujaratiA ते GujaratiD असे चार भाग केलेले आहेत. ‘गुजराती’ हे एका लोकसंख्येचं नाव आहे, हे गृहीतकच तिथे मोडलं.

त्यामागचं कारण आपल्या वाचकाला फोड करून सांगायला नको. गुजरातेतल्या चरोतर भागातल्या पाटीदारांत ठरावीक गावांचा ‘गोळ’ असतो आणि सोयरीक त्या गोळातच व्हायची. अशा पिढ्या गेल्या की दोन अनोळखी माणसांतही गुणसूत्राचे लांबच लांब तुकडे जसेच्या तसे सामाईक सापडतात. 2017 मध्ये दक्षिण आशियातल्या 260 हून अधिक समाजांचा अभ्यास झाला. त्यांतल्या 81 समाजांत थोड्या पूर्वजांपासून वाढल्याची खूण, याचंच नेहमीचं उदाहरण असलेल्या फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक होती. आपल्याकडे पोटजातीतच मुलगी द्यायची रीत होती. त्यामुळे एकाच तालुक्यातल्या दोन जाती एकमेकींपासून जितक्या दूर असतात, तितक्या दोन राज्यांतल्या सारख्या थरातल्या जाती कधी कधी नसतात. जिल्ह्यावर किंवा भाषेवर आखलेला कप्पा इथे सहज फसतो.

2015 मध्ये ‘1000 जीनोम’ प्रकल्पाचा अंतिम संच आला: 26 समाज, 2504 माणसं, त्यांत 489 दक्षिण आशियाई. ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, इंग्लंडमधले तेलुगू आणि इंग्लंडमधलेच श्रीलंकन तमिळ. पाचांपैकी एकही संच भारताच्या भूमीवर घेतलेला नाही आणि मराठी मुलखाच्या चारही बाजूंना शेजारी असून मधली जागा रिकामी राहिली. वरच्या उदाहरणातला साताऱ्याचा माणूस ‘अर्धा-अर्धा’ का होतो, ते इथे कळतं.

कंपन्यांच्या बाजूने पाहिलं तर 2000 च्या दशकाच्या सुरुवातीची एक चाचणी फक्त 176 खुणांवर चार कप्पे द्यायची आणि भारतीयांना युरोपीयांबरोबर ‘इंडो-युरोपियन’मध्ये टाकायची. तिच्यात काही भारतीयांना अमेरिकेच्या मूळनिवासींचा वंशही निघत असे. खरा बदल 2012 नंतर झाला. कंपन्या गुणसूत्राचे लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकडा कुणाशी जुळतो ते पाहू लागल्या, आणि संदर्भ म्हणून स्वतःचेच ग्राहक वापरू लागल्या. चारही आजी-आजोबा एकाच देशात जन्मले असं सांगणारा ग्राहक घ्यायचा आणि आलेखावर गटाबाहेर पडणारा गाळायचा, ही रीत. एका मोठ्या कंपनीचा संच 2018 च्या सुधारणेत 3,000 वरून 16,000 वर गेला. पण ग्राहक म्हणजे परदेशी स्थायिक झालेले लोक. ज्या समाजाची माणसं तिकडे भरपूर आणि ज्याच्यात आपसांतलं नातं घट्ट, त्याचा कप्पा आपोआप चांगला उठतो. दुसऱ्या एका कंपनीने दक्षिण आशियाची फोड केली, तेव्हा ‘गुजराती पाटीदार’ आणि ‘मल्याळी उपगट’ असे वेगळे कप्पे निघाले. मराठी निघाला नाही. मराठी माणसाच्या अहवालात पाटीदार म्हणून दोन-चार टक्के दिसले, तर गुजरातेतला पूर्वज शोधण्याआधी हे आठवावं.

असा लहान आकडा खरा की खोटा, हे पडताळायचा एक साधा मार्ग आहे. आई-वडील दोघांचीही चाचणी झालेली असेल, तर अहवाल शेजारी ठेवावेत. मुलीला एखादा कप्पा 6 टक्के आणि आई-वडिलांना शून्य असेल, तर तो आकडा गणिताच्या गोंधळातून आला आहे, कारण मुलीच्या गुणसूत्रांत त्या दोघांबाहेरचं काही येत नाही. काही कंपन्या खात्रीची पातळी 50 वरून 90 टक्क्यांवर नेण्याची सोय देतात. ती वर नेली की बारीक कप्प्यांतले आकडे विरघळून ‘व्यापक दक्षिण आशियाई’मध्ये जमा होतात. जो आकडा 90 वरही जागचा हलत नाही, त्यालाच वजन द्यावं. मात्र तेव्हाही तो त्या कंपनीच्या त्या संचापुरताच खरा असतो.

याच काळात संशोधनातून आलेले ‘प्राचीन उत्तर भारतीय’ आणि ‘प्राचीन दक्षिण भारतीय’ हे शब्द लोक अहवालाशी जोडतात. ते वेगळे आहेत. 2009 च्या अभ्यासात 25 समाजांचे 132 नमुने घेऊन, आज शुद्ध रूपात कुठेच नसलेल्या दोन पूर्वज-समूहांचं अनुमान काढलं होतं आणि बहुतेक भारतीय समाजांत पहिल्याचा वाटा 39 ते 71 टक्के सांगितला होता. कंपनीच्या अहवालात हे हजारो वर्षांपूर्वीचं मिश्रण ‘100 टक्के दक्षिण आशियाई’च्या पोटात दडलेलं असतं, कारण संदर्भातली माणसंही तशीच मिश्र आहेत.

भारताच्या भूमीवर घेतलेल्या नमुन्यांचा मोठा संच आता झाला आहे: ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने 10,000 जीनोमचं वाचन 2024 मध्ये पूर्ण केलं. त्याचा साठा फरिदाबादला आहे आणि संशोधकांना तो अर्ज करून, अटींवर मिळतो.