दोन बिस्किटांवरचा पीपी आणि चार बट्ट्यांवरचा पीपी

गेली बरीच वर्षं मी जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या गावी लॅबमध्ये रक्त घेतोय, आणि जेवणानंतरच्या शुगरचं म्हणजे पीपीचं सँपल घेताना मी एक प्रश्न हमखास विचारतो, काय खाल्लं आणि किती खाल्लं. लोकांना वाटतं हा उगाच चौकशा करतोय, कारण रिपोर्टवर तर फक्त आकडा येतो आणि शेजारी छापलेलं असतं 140 च्या आत नॉर्मल. पण तो 140 नेमका कशानंतरचा, हे तिथं लिहिलेलं नसतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आमच्या नात्यातले एक जिभाऊ आहेत, अमळनेरकडचे, वय साठच्या आसपास, शेती करतात. सकाळच्या एसटीने उपाशीपोटी आले, फास्टिंग दिलं, ते 118 आलं. मग त्यांना सांगितलं की जेवून या, पहिल्या घासापासून दोन तासांनी परत सँपल द्यायचं. आता परगावी माणूस सकाळी साडेआठला कुठं जेवणार, स्टँडवर अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं खाऊन आले. पीपी आला 124. जिभाऊ खूश, "शुगर नाहीये रे भाऊ मला, 140 च्या आतच आहे."

पंधरा दिवसांनी घरी नवसाची पंगत होती, वरणबट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. जिभाऊंनी चार बट्ट्या चुरून त्यावर वरण आणि तुपाची धार घेऊन पोटभर जेवण केलं, आणि पुतण्याने हौसेनं आणलेल्या ग्लुकोमीटरवर दोन तासांनी बोट टोचलं तर 187, काळजीने तासाभरानं पुन्हा टोचलं तर 204. संध्याकाळी मला फोन, आवाज पार उतरलेला. "पंधरा दिवसात शुगर झाली का रे मला?"

तर शुगर पंधरा दिवसात झालेली नव्हती. दोन्ही वेळेला माणूस तोच होता, फक्त दोन्ही वेळेला प्रश्नच वेगळा विचारला गेला होता.

हे 140 आणि 200 आले कुठून ते आधी बघू. दोन तासांनंतर 140 च्या खाली असेल तर नॉर्मल, 140 ते 199 म्हणजे मधली अवस्था आणि 200 किंवा वर म्हणजे डायबेटीस, ह्या रेषा जेवणावरून ठरलेल्या नाहीत, त्या जीटीटी नावाच्या टेस्टच्या आहेत. त्या टेस्टमध्ये रात्रभर उपाशी राहिलेल्या माणसाला बरोबर 75 ग्रॅम ग्लुकोज 250 ते 300 मिली पाण्यात विरघळवून पाच मिनिटांच्या आत प्यायला द्यायचं (आम्ही थोडं लिंबू पिळतो, नाहीतर काहींना मळमळतं आणि उलटी झाली तर टेस्ट वाया), मग दोन तास शांत बसवायचं आणि नसेतलं रक्त घ्यायचं. 1980 च्या आसपास डायबेटीसची व्याख्या जगभर एकसारखी करायला घेतली तेव्हा बघितलं गेलं की डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा कुठल्या आकड्यानंतर ठळकपणे वाढते, आणि 200 ची रेषा त्या आधारावर उभी आहे. म्हणजे हा आकडा 75 ग्रॅम ग्लुकोजचा, दोन तासांचा, नसेतल्या रक्ताचा. यातलं काहीही बदललं की आकडा राहतो पण रेषा सरकते.

आपल्याकडं विहिरीला झरा किती आहे हे बघायचं तर काय करतात, मोटर ठरावीक वेळ चालवून पाणी उपसतात आणि मग दोन तासात किती भरलं ते बघतात. एकाने दोन बादल्या काढल्या आणि दुसऱ्याने दिवसभर मोटर चालवली, आणि दोघांनी दोन तासांनी दोर सोडून पाण्याची पातळी मोजली, तर कुठल्या विहिरीला झरा चांगला हे त्या मापावरून कुणीच सांगू शकणार नाही. शरीराचंही तसंच आहे, आपल्याला बघायचं असतं इन्शुलिन किती जोरात काम करतं, आणि त्यासाठी त्याच्यावर टाकलेलं ओझं ठरलेलं पाहिजे.

आता जिभाऊंचं ओझं मोजू. अर्ध्या कप चहातली साखर आणि दूध मिळून सात-आठ ग्रॅम कर्बोदकं, दोन छोट्या बिस्किटांतली साधारण तेवढीच, म्हणजे सगळे मिळून पंधरा ग्रॅमच्या आसपास, टेस्टच्या ओझ्याचा पाचवा हिस्सा. एवढंसं तर थकलेलं इन्शुलिनसुद्धा दोन तासांत निस्तरतं. त्यामुळे तो 124 म्हणजे जवळजवळ पुन्हा घेतलेलं फास्टिंगच होतं, त्याला 140 च्या रेषेपाशी नेऊन नॉर्मल म्हणायला काही आधार नाही. कित्येकदा तर पीपी फास्टिंगपेक्षाही कमी येतो आणि लोक मशीन खराब आहे म्हणून भांडायला येतात, पण थोडंसं खाल्लं, शुगर थोडी चढली, इन्शुलिन सुटलं आणि दोन तासात आकडा खाली गेला, यात मशीनचा काही दोष नसतो. शुगरची गोळी घेऊन नावापुरतं खाणाऱ्यांचं तर आणखी खाली जातं.

पंगतीचं गणित अगदी उलटं. एका बट्टीला पन्नास ग्रॅम पीठ धरलं तर पस्तीस ग्रॅम कर्बोदकं, चार बट्ट्यांची 140, वर दोन वाट्या वरणाची पंचवीस-तीस. टेस्टच्या ओझ्याच्या दुपटीहून जास्त झाली. पण खरी गंमत नुसत्या दुपटीत नाही, ती वेळेत आहे, आणि हीच गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते.

जठर खाल्लेलं सगळं एकदम आतड्यात सोडत नाही. ते कॅलरीच्या हिशोबानं हळूहळू सोडतं, मिनिटाला साधारण 2 ते 4 कॅलरी. 75 ग्रॅम ग्लुकोज म्हणजे 300 कॅलरी, म्हणजे सव्वा ते अडीच तासांत जठर मोकळं, आणि म्हणूनच दोन तासांनी घेतलेलं रक्त साधारण ओझं उतरल्यानंतरचं असतं, चढ संपून उतार लागलेला असतो किंवा लागायला पाहिजे. जिभाऊंच्या ताटात मात्र बट्टी, वरण आणि चार मोठे चमचे तूप मिळून चौदाशेच्या आसपास कॅलरी होत्या. हे जठरातून निघायला निदान सहा तास लागतात, वरून तुपासारखा स्निग्ध पदार्थ आतड्यात पोचला की आतडं जठराला निरोप पाठवतं की हळू सोड. त्यामुळे दोन तासांनी जिभाऊंचा आकडा उतारावर नव्हता, चढावरच होता, म्हणून तर तिसऱ्या तासाला 187 चा 204 झाला. दोन तासांची वेळ तीच, पण ग्लुकोज पिणारा त्या वेळी घाट उतरत असतो आणि बट्टी खाणारा अजून घाट चढत असतो.

यात आणखी एक भर. ग्लुकोमीटर बोटातलं, म्हणजे केशवाहिनीतलं रक्त मोजतो. उपाशीपोटी ते आणि नसेतलं रक्त यात फारसा फरक नसतो, पण जेवल्यानंतर बोटातलं रक्त ठळकपणे जास्त दाखवतं, कारण शरीराच्या पेशींनी ग्लुकोज उचलायच्या आधीचं ते रक्त असतं. शिवाय घरच्या मीटरला साधारण 15 टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा मानलेली आहे. म्हणजे तो 204 लॅबमध्ये नसेतून घेतला असता तर 180 सुद्धा आला असता. म्हणून निदान कधी मीटरवर करत नाहीत.

मग असल्या रीडिंगचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण तो एका बाजूनेच. दोन बिस्किटांवर जर 210 आला असता तर मी घाबरलो असतो, कारण इतकं कमी ओझंही शरीराला झेपत नाही असा त्याचा अर्थ होतो. आणि चार बट्ट्यांनंतर दोन, तीन, चार तासांनी 130 च्या आतच राहिला असता तर तब्येतीबद्दल मन बरंचसं निर्धास्त झालं असतं. पण थोडं खाऊन कमी आला किंवा भरपूर खाऊन जास्त आला, तर त्यात जेवणाचा वाटा किती आणि शरीराचा किती हे वेगळं काढता येत नाही, आणि जिभाऊंचे दोन्ही आकडे नेमके ह्याच जातीचे होते.

ज्यांना डायबेटीस आहे असं आधीच ठरलंय त्यांच्यासाठी पीपीचं काम वेगळं असतं. तिथं डॉक्टर 180 च्या आत असं टार्गेट धरतात (गरोदरपणात ते बरंच कडक असतं), आणि ते रोजच्या जेवणानंतरचं धरायचं असतं. रोज दोन भाकरी खाणारा माणूस टेस्टच्या दिवशी मुद्दाम पोहे दोन चमचे खाऊन येतो, छान आकडा आला म्हणून गोळी तीच राहते, आणि घरी रोज दुपारी अडीचशे चालू असते. असे पेशंट मी डोळ्यांनी बघितलेत, तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारं एचबीए1सी केलं की खरं बाहेर येतं. उलट काही जण टेस्टच्या आधी तीन-चार दिवस भाकरी-भात बंदच करतात, त्यांना वाटतं आकडा सुधारेल, पण कर्बोदकांची सवय सुटली की इन्शुलिन पहिल्या झटक्याला सुस्त उठतं आणि जीटीटीचा आकडा खोटा जास्त येतो. म्हणून त्या टेस्टच्या आधी तीन दिवस रोज निदान 150 ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत असा नियमच आहे, आणि तो आपल्या साध्या जेवणात आपोआप पाळला जातो, फक्त उपास नकोत.

जिभाऊंना मी तेच सांगितलं, तीन दिवस नेहमीसारखं जेवा, रात्री नऊनंतर काही नको आणि सकाळी या, मीटर बाजूला ठेवा. आले. फास्टिंग 116. ग्लुकोजचं पाणी प्यायले, दोन तास बाकावर बसून राहिले, मध्ये दोनदा विचारून झालं की बाहेर चक्कर मारून येऊ का, मी नाही म्हटलं कारण चालल्यावर स्नायू ग्लुकोज ओढतात आणि आकडा खाली येतो. दोन तासांनी नसेतलं रक्त घेतलं, 168. एचबीए1सी 6.1. म्हणजे बिस्किटांनी सांगितलं तसं नॉर्मल नाही आणि पंगतीनं घाबरवलं तसा डायबेटीसही नाही, मधल्या अवस्थेतले, डॉक्टरांनी गोळी न देता जेवण आणि चालण्याचं सांगून वर्षाने परत टेस्ट करायला बोलावलंय. आता त्यांच्या फाइलमध्ये मी प्रत्येक आकड्याखाली पेनानं लिहून ठेवलंय: पहिला चहा-दोन बिस्किटं, दुसरा चार बट्ट्या, बोटातलं रक्त, तिसरा 75 ग्रॅम ग्लुकोज.