क्रॅशिंगच्या गणितातली परतीची पायरी

नाशिकमध्ये एमबीए करणाऱ्या मुलांमध्ये ऑपरेशन्सच्या पेपरातलं नेटवर्कचं गणित 'हक्काचे मार्क' म्हणून ओळखलं जातं. तक्ता दिलेला असतो. त्यात प्रत्येक कामाची नॉर्मल वेळ, जादा पैसे ओतून ते लवकर उरकलं तर लागणारी क्रॅश वेळ आणि दोन्हींचे खर्च असतात. आकृती काढायची, क्रिटिकल पाथ म्हणजे एकामागून एक होणाऱ्या कामांची सगळ्यात लांब साखळी शोधायची, त्यावरचं सगळ्यात स्वस्त काम एकेक दिवसाने कमी करत जायचं. मीही अनेक वर्षं असंच शिकवलं. मग एकदा एका मुलीचं उत्तर आमच्या मॉडेल आन्सरपेक्षा सहा हजारांनी कमी आलं. तिचं चुकलंय हे सिद्ध करायला मी बसलो आणि चूक आमच्याच उत्तरात सापडली. ही चूक का होते, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

ही पद्धत कारखान्यातून आली. १९५६-५७च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपाँट या रसायन कंपनीला एक गोष्ट खटकत होती. प्रकल्प लांबला की साहेब लोक सगळ्याच कामांवर ओव्हरटाइम लावत. त्यातल्या बहुतेक कामांनी प्रकल्प एका तासानेही लवकर संपत नसे. ड्यूपाँटचे मॉर्गन वॉकर आणि युनिव्हॅक संगणक बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडचे गणिती जेम्स केली यांनी मिळून यावर काम केलं. म्हणजे त्यांचा मूळ प्रश्नच क्रॅशिंगचा होता: पैसा नेमका कुठे ओतला तर दिवस वाचतो? सगळ्यात लांब साखळीला ते 'मेन चेन' म्हणत. 'क्रिटिकल पाथ' हा शब्द अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी १९५८मध्ये पर्ट ही नियोजनाची पद्धत तयार करणाऱ्या मंडळींकडून आला. वॉकर-केलींची पद्धत पुढे क्रिटिकल पाथ मेथड, म्हणजे सीपीएम म्हणून ओळखली गेली, आणि आपल्या पुस्तकांत पर्ट आणि सीपीएम जुळ्या भावांसारखे शेजारी छापतात. पण पर्टमध्ये वेळेच्या अनिश्चिततेचा विचार होता आणि खर्चाचा व्यवहार सीपीएमकडे होता.

केलींनी हा प्रश्न लिनियर प्रोग्रॅमिंगचा म्हणून मांडला. १९६१मध्ये त्यांनी आणि रँड कॉर्पोरेशनच्या डी. आर. फल्कर्सन यांनी, दोघांनी स्वतंत्रपणे, तो नेटवर्कमधल्या प्रवाहाच्या गणितात बसवला. त्याच वर्षी स्टॅनफर्डचे जॉन फोंडाल यांनी बांधकामवाल्यांसाठी संगणकाशिवाय, कागदावर करायची रीत दिली. परीक्षेत तीन तासांत आपण सोडवतो ते कागदावरचंच गणित. मात्र वर्गात पोचेपर्यंत त्यातली एक पायरी बहुतेक ठिकाणी गळून गेली, ती म्हणजे क्रॅश केलेलं काम पुन्हा सैल करणं.

एक उदाहरण घेऊ. आकडे मी सोयीचे घेतलेत, काम मात्र अंबड एमआयडीसीत कुठेही चालू असेल असं आहे. जुनी भट्टी काढून नवी बसवायची आहे. अ म्हणजे जुनी भट्टी काढणं, ६ दिवस. ब म्हणजे कंट्रोल पॅनल बनवून घेणं, ९ दिवस. हे पहिल्या दिवसापासून बाहेर चालू राहतं. क म्हणजे जुनी भट्टी हलल्यावर फाउंडेशन, ५ दिवस. ड म्हणजे तीच जागा मोकळी झाल्यावर शेडचं छप्पर आणि धुराचा डक्ट, ९ दिवस. ई म्हणजे नवी भट्टी बसवून जोडणं, ६ दिवस. त्याला पॅनल आणि फाउंडेशन दोन्ही तयार हवं.

पाथ तीन होतात. अ-क-ई १७ दिवसांचा, अ-ड १५चा आणि ब-ई १५चा. नॉर्मल खर्च दोन लाख, आणि शेड बंद राहिल्याचा अप्रत्यक्ष खर्च रोज १० हजार. सुरुवातीला एकूण ३ लाख ७० हजार.

कॉस्ट स्लोप काढायला क्रॅश खर्चातून नॉर्मल खर्च वजा करायचा आणि वाचणाऱ्या दिवसांनी भागायचं. फाउंडेशनला नॉर्मल खर्च ३० हजार, लवकर घट्ट होणारा माल आणि रात्रपाळी धरून ३४ हजार, वाचतात २ दिवस. म्हणजे दिवसाला २ हजार. तसेच अ ५ हजार, ब ६, ड ७ आणि ई ४ हजार. अ आणि ई प्रत्येकी २ दिवसांनीच कमी होऊ शकतात.

पहिली पायरी सगळ्यांना येते. क्रिटिकल पाथ अ-क-ई, त्यात क स्वस्त. ते २ दिवसांनी कमी केलं, ४ हजार गेले, प्रकल्प १५ दिवसांवर आला, एकूण खर्च ३ लाख ५४ हजार. आता तिन्ही पाथ क्रिटिकल आहेत आणि क आणखी कमी होत नाही.

इथे आमचं मॉडेल आन्सर म्हणत होतं: अ आणि ब मिळून ११ हजार, ड आणि ई मिळून ११ हजार, दोन्ही रोजच्या १० हजारांपेक्षा जास्त, म्हणून इष्टतम कालावधी १५ दिवस. त्या मुलीने अ आणि ई निवडले होते. दोन्ही एकेक दिवसाने कमी केले की ९ हजारांत तिन्ही पाथ आटोपतात. पण अ-क-ई मध्ये दोन्ही कामं आहेत, म्हणून तो २ दिवसांनी कमी होऊन १३वर येतो, बाकीचे १४वर. क वर एक दिवसाचा फ्लोट, म्हणजे मोकळी सवड, तयार झाला. म्हणजे फाउंडेशनसाठी महाग माल वापरून आपण एक दिवस वाचवला तो नुसताच पडून राहणार. तो दिवस फाउंडेशनला परत द्यायचा, २ हजार सुटतात, आणि एका दिवसाचा खरा भाव ७ हजार होतो.

हेच दुसऱ्या दिवशीही करता येतं. प्रकल्प १३ दिवसांवर येतो, क पुन्हा पूर्ण ५ दिवसांचं होतं, आणि थेट खर्च २ लाख १८ हजार. अप्रत्यक्ष १ लाख ३० हजार धरून एकूण ३ लाख ४८ हजार. पुढचा एक दिवस हवा तर ब, क आणि ड तिन्ही दाबावी लागतात, १५ हजार. म्हणून इथे थांबायचं. १३ दिवसांच्या उत्तरात फाउंडेशन अजिबात क्रॅश झालेलं नाही, जरी पहिल्या पायरीवर तेच सगळ्यात आधी क्रॅश केलं होतं.

फल्कर्सन यांच्या मांडणीत हे आपोआप निघतं. आकृतीवर सुरुवात आणि शेवट वेगळे करणारी रेघ मारायची. ही रेघ पुढच्या दिशेने ओलांडणाऱ्या कामांचे स्लोप मिळवायचे आणि उलट ओलांडणाऱ्या, आधीच क्रॅश केलेल्या कामाचा स्लोप वजा करायचा. आपल्या आकृतीत अशी एक रेघ आहे जी अ आणि ई सरळ ओलांडतात आणि क उलटं. क्रिटिकल पाथ मोजून स्वस्त जोडी शोधणाऱ्याला ही रेघ दिसत नाही, कारण तो फक्त कमी काय करायचं एवढंच पाहतो.

कागदावर ओळखायची खूण सोपी आहे. प्रत्येक पायरीनंतर आधी क्रॅश केलेल्या कामांकडे पाहायचं. कुणावर फ्लोट आला असेल तर तेवढे दिवस परत करायचे. आणि दोन पाथांवर सामाईक असलेली कामं आधी तपासायची. अर्थात ही परतफेड नियोजनाच्या कागदावरच होते. महागडं काँक्रीट एकदा ओतलं की ते परत घेता येत नाही, म्हणून चालू प्रकल्पाचं क्रॅशिंग करताना झालेली कामं तक्त्यातून आधी काढून टाकावी लागतात.

त्या मुलीचे मार्क मी सुधारले. तिने फ्लोटच्या रकान्यात क समोर पेन्सिलीने १ लिहून गोल केला होता, एवढंच. फाउंडेशन सैल करायचं कारण तिने कुठे लिहिलं नव्हतं.