शैक्षणिक व्हिडिओचे थंबनेल व शीर्षक

शिकवणीच्या चॅनेलवर थंबनेल आणि शीर्षक मिळून प्रेक्षकाला एक वचन देतात. व्हिडिओ पहिल्या अर्ध्या मिनिटात ते पाळायला लागला, तर त्यावर मिळालेले क्लिक प्रामाणिक ठरते.

दोघांची कामे वेगळी असतात. विद्यार्थी शोधताना जे शब्द टाइप करतो ते शीर्षकात हवेत, आणि तो जिथे अडतो ती जागा थंबनेलवर दिसली पाहिजे. शीर्षकातलेच शब्द चित्रावर पुन्हा लिहिले की अर्धी जागा वाया जाते. यूट्यूबवर शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा असली, तरी मोबाइलवर ते त्याआधीच कापले जाते. म्हणून धड्याचे नाव सुरुवातीला आणि इयत्ता किंवा भाग क्रमांक शेवटी घालावा.

अपूर्णांकांच्या बेरजेचा धडा घेऊ. ‘अपूर्णांक भाग 4’ या शीर्षकातून काहीच कळत नाही. ‘ही युक्ती शाळेत कुणी सांगत नाही’ हे तर खोटेच, कारण छेद समान करणे शाळेतच शिकवतात. त्याऐवजी ‘अपूर्णांकांची बेरीज: छेद वेगळे असतील तर?’ असे लिहावे. थंबनेलवर 1/2 + 1/3 = 2/5 मोठ्या आकारात मांडून 2/5 वर लाल फुली मारावी. वर्गातली नेहमीची चूक हीच: अंशात अंश, छेदात छेद. फुली विसरू नये, नाहीतर नुसते चित्र पाहून पुढे जाणारा चुकीचे उत्तरच लक्षात ठेवतो. व्हिडिओच्या सुरुवातीलाच 2/5 हे 1/2 पेक्षाही लहान असल्याचे दाखवावे; बेरीज मूळ संख्येपेक्षा कमी कशी, हा प्रश्न उभा राहिला की 3/6 + 2/6 = 5/6 कडे वळावे.

चित्र 1280 × 720 पिक्सेलचे करतात, पण ते पाहिले जाते बोटभर आकारात. तयार झाल्यावर ते सुमारे 160 पिक्सेल रुंदीचे करून पाहावे. देवनागरीत आधी रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे गिचमिडतात, म्हणून जाड टाइपात तीन-चार शब्द पुरे. उजवा खालचा कोपरा रिकामा सोडावा. तिथे व्हिडिओच्या कालावधीची पट्टी येते आणि उत्तर नेमके तिच्याखाली जाते.

निकाल वाचताना क्लिकचे प्रमाण एकटे पाहू नये. यूट्यूब स्टुडिओत क्लिक भरपूर, पण पहिल्या 30 सेकंदांत प्रेक्षक टिकून राहण्याचा आलेख कोसळलेला दिसला, तर वचन आणि धडा जुळत नाहीत किंवा प्रस्तावना लांबली आहे. क्लिक कमी आणि आलेख टिकून असेल, तर धडा चांगला आहे, फक्त थंबनेल बदलावे. मात्र व्हिडिओ सबस्क्रायबरांपलीकडे पोहोचू लागला की हे प्रमाण आपोआप घसरते. तेव्हा घाईने चित्र बदलण्यापेक्षा फक्त शोधातून आलेल्या प्रेक्षकांचे आकडे वेगळे काढून पाहावेत.