टीडीएस आणि जंतू: आरओ कुठे, यूव्ही कुठे

पुण्यात सिंहगड रोडला राहणाऱ्या मावशीकडे फिल्टर विकणारा आला. त्याने एका ग्लासात नळाचं आणि दुसऱ्यात आरओचं पाणी घेतलं, दोन्हींत विजेच्या कांड्या सोडल्या. मिनिटाभरात नळाचं पाणी तपकिरी झालं आणि मावशी घाबरली. पण ती घाण पाण्यातली नव्हती. क्षार असले की पाण्यातून वीज वाहते आणि लोखंडी कांडी झिजून तिचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून ते तसंच राहिलं.

टीडीएस मीटरही हेच मोजतो: विरघळलेले क्षार. जंतू त्याला दिसतच नाहीत. ५० टीडीएसचं पाणीही जुलाब लावू शकतं आणि ८०० टीडीएसचं बोअरचं पाणी जंतूमुक्त असू शकतं. मीटरवरचा आकडा म्हणजेच शुद्धता, असं धरून चालल्यानेच चुकीचं यंत्र घरात येतं.

क्षार काढायचं काम आरओचं. भारतीय मानकाप्रमाणे ५०० पर्यंतचा टीडीएस चांगला. मावशीच्या नळाला ७८ निघाला, म्हणजे आरओला तिथे कामच नाही. उलट एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत गेलं असतं. पातेल्याला पांढरा थर धरणाऱ्या, ५००च्या वर टीडीएस असलेल्या बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याला मात्र आरओच हवा.

जंतूंसाठी यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, पुरतो, पण पाणी नितळ हवं. गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आड राहतात, म्हणून दिव्याच्या आधी गाळणी लागते. शिवाय यूव्हीमधून निघालेल्या पाण्यात पुढे राखण करणारं काही उरत नाही. ते अस्वच्छ हंड्यात साठवलं की पुन्हा दूषित होतं.

जंतूंचा अंदाज घ्यायला आम्ही ओटी टेस्ट केली. पाण्यात ओटीचे थेंब टाकले की जंतू मारणारं क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. हे पाणी तपासून झालं की ओतून द्यायचं, प्यायचं नाही. महापालिकेची लाइन सोसायटीत येते तिथल्या नळाला छान पिवळा रंग आला, स्वयंपाकघरातल्या नळाला काहीच नाही. म्हणजे क्लोरीन वाटेत, बहुधा टाकीतच संपत होतं. टाकी उघडली तर तळाला बोटभर गाळ. ती धुतल्यावर वरही फिकट पिवळा रंग येऊ लागला.

२०२५च्या जानेवारीत याच भागात जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा संशय दूषित पाण्यावर होता, क्षारांवर नाही. त्यामुळे आम्ही मावशीला यूव्ही घ्यायला लावला.

एक अडचण उरते. एप्रिल-मेमध्ये सोसायटी टँकर मागवते आणि तो त्याच टाकीत रिकामा होतो. तेव्हा मीटर पुन्हा लावायचा. मिसळलेलं पाणी ५००च्या आत राहिलं तर यूव्हीवर भागेल. दरवर्षी दोन-तीन महिने त्याच्या वर जात असेल, तर आरओ-यूव्ही एकत्र असलेलं यंत्र घ्यावं लागेल.