लस घेतली तरी केनेल कफ?

“कुत्रा खोकतोय, पण लस दिलीये, मग हा केनेल कफ नसणार. घशात हाड अडकलं असेल ना?”

तसं नाही. केनेल कफ म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला, आणि तो एकाच जंतूचा नसतो. नाकात थेंब टाकून देतात ती लस सहसा बोर्डेटेला जिवाणू आणि पॅराइन्फ्लुएन्झा विषाणूपुरती असते. मायकोप्लाझ्मा, श्वसनाचा कोरोनाव्हायरस तिच्या कक्षेबाहेरच. बोर्डेटेलाचाही संसर्ग ती पूर्ण रोखत नाही, आजार सौम्य करते.

कोरडी ढास, शेवटी उबळ येऊन पांढरा फेस, पण कुत्रा जेवतोय, खेळतोय? मग बहुधा दोन-तीन आठवड्यांत बरा होतो. (पट्ट्याऐवजी हार्नेस वापरा.) झोपेत छातीची हालचाल मिनिटभर मोजा. श्वास सतत ३०च्या वर, खोकला ओला, ताप, जेवण बंद, असं असेल तर न्यूमोनियाची शंका घ्या. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, एक्स-रे लागेल. पिल्लांच्या बाबतीत तर थांबूच नका.