दिवाळीआधीचा गृहप्रवेश आणि त्याच्या शुभेच्छा

दसऱ्याला किंवा त्यानंतरच्या दिवसांत नव्या घरात राहायला आलेल्या कुटुंबाला दिवाळीपूर्वी भेटून शुभेच्छा देण्याची महाराष्ट्रातील रीत. ही भेट वास्तुशांतीच्या समारंभाहून वेगळी असते. तिला निमंत्रणपत्रिका नसते, जेवणावळ नसते आणि बहुधा सामानही अजून खोक्यांतच असते.

या भेटींची गर्दी याच दिवसांत होण्याचे कारण पंचांगात आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात वास्तुशांत सहसा करत नाहीत, आणि भाद्रपदातल्या पितृपंधरवड्यात तर नव्या घरात पाऊलही टाकत नाहीत. त्यामुळे पावसाळ्यात किल्ली हाती आलेली घरे दसऱ्याची वाट पाहत बंद राहतात. दसरा साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त, म्हणून त्या दिवशी वेगळा मुहूर्त काढावा लागत नाही. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. सामान लावणे, पडदे शिवून घेणे, फराळाची तयारी आणि आल्यागेल्याचे स्वागत, सगळे या एकोणीस दिवसांत बसवायचे होते.

दसऱ्याच्या दिवशीचा प्रवेश साधा असतो. दाराला झेंडूचे आणि आंब्याच्या पानांचे तोरण, उंबरठ्यावर हळदकुंकू, हातात कलश आणि देव. मग नव्या ओट्यावर दूध उतू घालतात. नव्या सदनिकेत गॅसची जोडणी बहुतेक वेळा झालेली नसते, तेव्हा शेजारची शेगडी किंवा जुन्या घरचा सिलिंडर कामी येतो. पितळी पातेल्यात अगदी काठापर्यंत दूध घेतात, म्हणजे फार थांबावे लागत नाही. साय फुगून वर येते, पातेल्याच्या अंगावरून पहिला ओघळ उतरतो आणि सगळे एकदम हात जोडतात. राहिलेल्या दुधात शेवयांची खीर होते. संध्याकाळी आपट्याची पाने घेऊन येणारे लोक ‘सोनं घ्या, सोन्यासारखे राहा’ म्हणतात, आणि नव्या घराची पहिली शुभेच्छा बहुधा हीच ठरते.

‘वास्तू तथास्तु म्हणते’ अशी समजूत मराठी घरांत पक्की आहे. घरात जे बोलले जाईल त्याला वास्तुपुरुष ‘तसेच होवो’ म्हणतो. म्हणूनच या भेटीत वस्तूपेक्षा शब्दाला मान आहे. ‘अभिनंदन’ हा शब्द फोनवर किंवा संदेशात चालतो. दारातून आत आल्यावर मात्र वडीलधारी माणसे ‘वास्तू लाभो’, ‘भरभराट होवो’ असेच म्हणतात. वहिनींना म्हणायचे तर, ‘वहिनी, उजेड किती छान येतो हो घरात! यंदाचं लक्ष्मीपूजन इथलं, लक्ष्मी अशीच नांदू दे.’ भिंतीतली ओल, लिफ्टचा आवाज, ‘कितीला पडलं?’ हे त्या दिवशी बोलू नये. घरातल्यांना ओल आधीच दिसलेली असते.

काय न्यावे याचा गोंधळ वास्तुशांतीमुळे होतो. दसऱ्याला प्रवेश केलेले कुटुंब पुढे मार्गशीर्षात वगैरे वास्तुशांत करणार असेल, तर आहेर तेव्हाचा. आत्ता मोठी वस्तू नेली की यजमानांना अवघडल्यासारखे होते. दिवाळीआधी पेढे, पणत्यांचा जोड किंवा आकाशकंदील पुरे. कंदील नेताना मात्र आधी विचारावे, कारण पहिल्या दिवाळीचा कंदील घरच्या मुलांनी स्वतः करायचा ठरवलेला असतो. फराळाचा डबा त्या दिवसांत नेत नाहीत. बऱ्याच घरांत नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाआधी फराळाला हात लावत नाहीत. आलेल्या सवाष्णीला यजमानीण हळदकुंकू लावते, आणि जवळच्या नात्यातली बाई यजमानणीची तांदूळ, नारळ नि खणाने ओटी भरते. ओट्यावर जागा नसली तरी एका खोक्यात हळदकुंकवाचा करंडा वरच ठेवलेला असतो.

मुंबई-पुण्यात पुनर्विकासामुळे या भेटीला वेगळे वळण मिळाले आहे. जुनी इमारत पाडल्यावर काही वर्षे भाड्याने इकडे तिकडे राहिलेली कुटुंबे त्याच जागी, वेगळ्या मजल्यावर परत येतात. तिथे पाहुणा आणि यजमान असा भेद राहत नाही. सगळेच नवे, सगळेच एकमेकांचे जुने शेजारी. ‘आलात का परत?’ एवढ्यानेच शुभेच्छा पोचते. मधल्या वर्षांत गेलेल्या आजी-आजोबांची नावे याच भेटीत निघतात, आणि ‘त्यांनी हे घर पाहायला हवं होतं’ हे वाक्य कुणीतरी बोलतेच. त्यावर कुणी ‘आज नको’ म्हणत नाही.