पैसे मागतो दुकानदार, पिन टाकता तुम्ही

यूपीआयने पैसे देण्याची आपली रोजची रीत म्हणजे क्यूआर स्कॅन करायचा, रक्कम टाकायची, पिन टाकायचा. यात सगळी सुरुवात देणाऱ्याकडून होते. पण २०१६ साली यूपीआय आले तेव्हापासूनच त्यात उलट दिशेचीही सोय आहे. घेणारा आपल्या बाजूने रक्कम भरतो, देणाऱ्याचा यूपीआय आयडी टाकतो आणि देणाऱ्याच्या फोनवर सूचना येते, की अमुक यांनी तुमच्याकडे इतके रुपये मागितले आहेत. देणाऱ्याने मंजुरी देऊन पिन टाकला की पैसे जातात आणि नाकारले की विषय संपतो. हीच कलेक्ट रिक्वेस्ट. आपण तिला नुसती ‘विनंती’ म्हणू.

ही विनंती नेमकी कशी चालते हे एकदा नीट समजून घेतले, तर तिच्या आडून होणारी फसवणूकही लगेच ओळखू येते. म्हणून एक व्यवहार पहिल्यापासून शेवटपर्यंत बघू.

पुण्यातल्या एका पुस्तकविक्रेत्याकडे लातूरच्या एका शिक्षिकेने फोनवरून पुस्तके सांगितली. बिल झाले ६४० रुपये. विक्रेत्याने त्यांचा यूपीआय आयडी विचारला, आपल्या ॲपमध्ये तो टाकला, रक्कम भरली आणि विनंती पाठवली. समजा शिक्षिकेचा आयडी `bai.latur@kbank` असा आहे. हा आयडी म्हणजे खाते क्रमांक नव्हे. `@` च्या पुढच्या भागाला हँडल म्हणतात, आणि त्यावरून एवढेच कळते, की हा आयडी कोणत्या ॲपने, कोणत्या बँकेच्या आधाराने दिला आहे. बाईंचे खाते भलत्याच बँकेत असू शकते. ते कुठे आहे, हे विक्रेत्याला कळत नाही आणि कळायची गरजही नाही.

विनंती विक्रेत्याच्या ॲपकडून एनपीसीआयकडे जाते. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था यूपीआय चालवते आणि सगळ्या बँकांच्या मध्ये तिचे स्विच बसलेले असते. स्विच हँडल वाचते आणि ते हँडल ज्याचे, त्या ॲपकडे विचारणा करते. गंमत म्हणजे अशी विचारणा आपल्या नेहमीच्या क्यूआरच्या व्यवहारातही होतच असते. तिथे ती घेणाऱ्याच्या ॲपकडे जाते: ‘पैसे येत आहेत, कोणत्या खात्यात टाकू?’ हे उत्तर ॲप आपणहून देते, माणसाला काही करावे लागत नाही. विनंतीच्या व्यवहारात विचारणा देणाऱ्याच्या ॲपकडे जाते: ‘पैसे मागितले आहेत, कोणत्या खात्यातून घेऊ, आणि मालकाची परवानगी आहे का?’ याचे उत्तर ॲपला परस्पर देता येत नाही. त्याला माणसाकडे यावे लागते. बाईंच्या फोनवर जी सूचना वाजते, ती म्हणजे ही विचारणा.

बाई सूचना उघडतात, नाव आणि रक्कम वाचतात, खाते निवडून ‘पे’ दाबतात. आता पिनचे पान उघडते. हे पान दिसते ॲपच्याच आत, पण ते ॲपचे नसते. सगळ्या ॲपमध्ये ते सारखेच असते, कारण एनपीसीआयने दिलेला एकच प्रोग्रॅम प्रत्येक ॲपला बसवावा लागतो. चार किंवा सहा आकडी पिन तिथल्या तिथे, फोनमध्येच कुलूपबंद होतो आणि मग बाईंच्या बँकेपर्यंत जातो. वाटेत तो ना ॲपला वाचता येतो, ना विक्रेत्याला. पिन बरोबर आहे का आणि शिल्लक पुरते का, हे बाईंची बँक बघते. तिने ६४० रुपये वजा केले, की स्विच विक्रेत्याच्या बँकेला जमा करायला सांगते आणि शेवटी दोन्ही ॲपना निकाल कळवते. सारे सुरळीत असेल तर पिन टाकल्यावर हे सगळे काही सेकंदांत उरकते.

इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की विनंती पाठवणाऱ्याच्या हाती तुमच्या खात्याची कुठलीही किल्ली आलेली नसते. दुसऱ्याने भरून दिलेली, पण तुमच्या सहीवाचून निकामी असलेली पैसे काढण्याची स्लिप, एवढीच तिची किंमत. पूर्वी तुमचा आयडी माहीत असलेला कोणीही विनंती पाठवू शकत असे. ती आली म्हणून काहीही बिघडत नाही.

प्रत्येक विनंतीला मुदत असते. स्विचकडे जाणाऱ्या संदेशात ती साधारण अशी लिहिलेली असते:

```xml
<Txn type="COLLECT" note="Pustake">
  <Rules>
    <Rule name="EXPIREAFTER" value="30"/>
  </Rules>
</Txn>
```

आकडा मिनिटांचा आहे. तो कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त ६४,८०० ठेवता येतो, म्हणजे एका मिनिटापासून पंचेचाळीस दिवसांपर्यंत. रेल्वेचे तिकीट किंवा सिनेमाची जागा विकणारा पाच-दहा मिनिटे देतो, कारण तेवढाच वेळ ती जागा अडवून ठेवणे त्याला परवडते. मासिक वर्गणी मागणारी संस्था काही दिवस देऊ शकते. मुदत संपल्यावर मंजुरी दिली तर व्यवहार नाकारला जातो आणि पैसे खात्यातच राहतात.

खरी अडचण मुदत लांब असली की होते. समजा विनंती आली तेव्हा बाई वर्गावर होत्या. संध्याकाळी विक्रेत्याने फोन केला, म्हणून त्यांनी त्याच्या क्यूआरवर ६४० रुपये पाठवून टाकले. पण आधीची विनंती ॲपच्या प्रलंबित यादीत तशीच पडून आहे. दोन दिवसांनी ती दिसली आणि मंजूर केली, तर आणखी ६४० रुपये जातील. दोन्ही व्यवहारांचे क्रमांक वेगळे असल्याने हे एकाच बिलाचे पैसे आहेत, हे स्विचला समजण्याचा मार्गच नाही. दुसरीकडून पैसे दिले असतील तर आलेली विनंती त्याच वेळी नाकारून टाकावी. दुकानदारानेही आपली जुनी विनंती उघडी ठेवू नये.

दुसरा प्रकार म्हणजे पैसे वजा झाले, पण दुकानदाराला ‘मिळाले’ असा निरोप आला नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार दुकानदाराशी झालेल्या अशा व्यवहारात पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई आहे आणि ती तक्रारीची वाट न पाहता द्यायची आहे. अशा वेळी घाईने दुसऱ्यांदा पैसे देण्याआधी व्यवहार क्रमांकावरून स्थिती तपासावी.

आता फसवणुकीकडे येऊ. विनंतीतल्या तीन गोष्टी मागणारा भरतो: रक्कम, आपला आयडी आणि शेरा. वरच्या संदेशातला `note` म्हणजे हा शेरा. त्यात काय लिहावे यावर फारसे बंधन नाही. भामट्यांनी नेमकी हीच फट हेरली. कोणी जुना सोफा विकायची जाहिरात टाकतो. फोन येतो. समोरचा बहुधा लष्करात असल्याचे सांगतो, घासाघीस न करता किंमत मान्य करतो आणि म्हणतो, ‘ॲडव्हान्स पाठवतोय, फक्त ॲक्सेप्ट करा.’ फोनवर १,९०० रुपयांची विनंती येते आणि शेऱ्यात असते ‘Sofa payment received’. विकणाऱ्याच्या मनात पैसे यायचेच असतात, त्यामुळे तो शेरा वाचतो आणि पिन टाकतो. पैसे जातात. मग ‘अहो, सिस्टीममध्ये अडकलंय, दुसरी पाठवतो, तुम्हाला एकदम परत मिळतील’ असे म्हणून पुढची विनंती येते.

यात यंत्रणेचे कुठलेही कुलूप फुटलेले नसते. खात्याच्या मालकाने खऱ्या फोनवरून खरा पिन टाकलेला असतो, बँकेच्या नोंदीत व्यवहार निर्दोष असतो, आणि म्हणूनच पैसे परत मिळवणे कठीण जाते. लोक ‘मूर्खपणा केला’ म्हणून फसलेल्यालाच बोल लावतात, ते मला पटत नाही. ज्या पडद्यावर पैसे घ्यायची इच्छा असलेल्या माणसाला पैसे द्यायचे बटण दाखवले जाते आणि त्याच्यावर अनोळखी माणसाने लिहिलेला मजकूर झळकतो, त्या पडद्याच्या मांडणीतच दोष आहे.

हा दोष शेवटी मान्य झाला, असे म्हणायला हरकत नाही. आधी व्यक्ती-व्यक्तींमधल्या विनंतीवर २,००० रुपयांची मर्यादा आली. मग २९ जुलै २०२५ च्या परिपत्रकाने एनपीसीआयने बँकांना आणि ॲपना सांगितले, की १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याची सोय बंद करावी. नोंदणीकृत दुकानदारांसाठी त्या परिपत्रकाने ती बंद केली नाही, कारण त्यांची बँकेने ओळख पटवलेली असते. म्हणजे मित्राकडून हॉटेलच्या बिलातला वाटा यूपीआयच्या विनंतीने मागणे आता इतिहासजमा झाले. मला विचाराल तर हा सौदा चांगला झाला. मित्राला रक्कम घातलेला आपला क्यूआर पाठवला तरी तेच काम होते. त्या क्यूआरच्या पोटात एवढेच असते:

```
upi://pay?pa=mitra@kbank&pn=Mitra&am=350.00&cu=INR
```

`pa` म्हणजे घेणाऱ्याचा आयडी आणि `am` म्हणजे रक्कम. आकडा इथेही घेणाऱ्यानेच भरलेला आहे, पण व्यवहाराची सुरुवात देणारा स्वतः क्यूआर उघडून करतो. आपण पैसे देतो आहोत, याबद्दल त्याचा गोंधळ होण्याची शक्यता बरीच कमी होते.

दुकानदाराची विनंती आली तर ती वाचायची कशी? शेरा सोडून द्या, तो मागणाऱ्याचा मजकूर आहे. नाव आणि रक्कम बघा, आणि पिनच्या पानावर ती दोन्ही पुन्हा असतात तिथेही बघा. आपण आत्ताच कुठे खरेदी केली का, आणि रक्कम बिलाइतकीच आहे का, हे दोन प्रश्न पुरेसे आहेत. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिनचे पान उघडले याचा अर्थ पैसे जायच्या बेतात आहेत, मग फोनवरचा माणूस काहीही म्हणो. नको असलेली विनंती तशीच सोडू नका, नाकारा. तोच पुन्हा पुन्हा पाठवत असेल तर ॲपमध्ये त्याला ब्लॉक करता येते.

एका ठिकाणी मात्र विनंतीकडे दुर्लक्ष केल्याने नुकसान होते, आणि ते म्हणजे शेअरचा आयपीओ. अर्जात यूपीआय आयडी दिला की बँकेमार्फत फोनवर मंजुरीची सूचना येते. ही विनंतीचीच चुलत बहीण. पिन टाकल्यावर पैसे वजा होत नाहीत, फक्त खात्यात अडवून ठेवले जातात. शेअर मिळाले तर कापले जातात, नाही मिळाले तर मोकळे होतात. अर्जाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मंजुरी दिली नाही, तर अर्ज भरलेला असूनही तो बाद होतो. शेवटच्या दिवशी दुपारी अर्ज केला असेल आणि सूचना दिसली नसेल, तर ॲप उघडून प्रलंबित यादी स्वतः बघावी, कारण त्या गर्दीत सूचना उशिरा येऊ शकते.